साप नेमका कुठल्या घरात सोडतो?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ‘थिअरी ऑफ कम्प्युटेशन’ नावाचा एक विषय असतो. मुलं त्याला टीओसी म्हणतात. त्याच्या सुरुवातीच्या असाइनमेंटमध्ये एक प्रश्न थोड्याफार फरकाने येतोच. 0 आणि 1 या दोनच चिन्हांच्या स्ट्रिंग घ्या आणि त्यांतल्या 1011 ने संपणाऱ्या तेवढ्याच स्वीकारणारा डीएफए काढा. उत्तराची आकृती वहीच्या अर्ध्या पानात मावते. त्यात पाच वर्तुळं आणि दहा बाण असतात.

मी हा विषय शिकवते. वह्यांचा गठ्ठा समोर आला की मी पूर्ण आकृती बघण्याआधी एकच बाण शोधते. चौथ्या वर्तुळातून 0 या चिन्हावर निघणारा बाण कुठे जातो? तो बरोबर जागी गेला असेल, तर पोराला किंवा पोरीला गोष्ट कळलेली असते. तो थेट पहिल्या वर्तुळात गेला असेल, तर बाकीचे नऊ बाण बरोबर असूनही समजावं, की आकृती पाठ आहे पण यंत्र कळलेलं नाही. बहुतेक वह्यांत चुकलेला असतो तो हाच बाण. त्या बाणामागे काय आहे ते सांगण्यासाठी हा लेख आहे आणि तो समजायला इंजिनिअरिंगला असण्याची गरज नाही. सापशिडी खेळलेली असली की पुरे.

मागे न बघणारं यंत्र

डीएफए म्हणजे ‘डिटरमिनिस्टिक फायनाइट ऑटोमॅटन’. नाव भारदस्त असलं तरी यंत्र गरीब आहे. त्याच्याकडे कागद नाही, पाटी नाही, आकडे साठवायला जागा नाही. सापशिडीच्या पटासारखी मोजकी घरं आहेत आणि एक सोंगटी आहे. स्ट्रिंगमधलं एकेक चिन्ह समोर येतं. प्रत्येक घरातून 0 आला तर कुठे जायचं आणि 1 आला तर कुठे जायचं, हे आधीच ठरलेलं असतं. त्याप्रमाणे सोंगटी हलते. चिन्ह एकदा गेलं की गेलं, ते पुन्हा वाचता येत नाही. यंत्राला आठवतं ते एवढंच, की आत्ता सोंगटी कुठल्या घरात आहे. वर्गात या घराला ‘स्टेट’ म्हणतात.

काही घरं दुहेरी वर्तुळाने काढतात. स्ट्रिंग संपली तेव्हा सोंगटी अशा घरात असेल तर स्ट्रिंग स्वीकारली, नसेल तर नाकारली.

यात एक गोम आहे. स्ट्रिंग कधी संपणार हे यंत्राला ठाऊक नसतं. ‘शेवटची चार चिन्हं तपासा’ असं आपण माणसाला सांगू शकतो, कारण माणूस आधी शेवट गाठतो आणि मग चार पावलं मागे येतो. यंत्राला मागे येता येत नाही. म्हणून त्याला प्रत्येक चिन्हानंतर तयार राहावं लागतं. स्ट्रिंग आत्ता, या क्षणी थांबली, तर ती 1011 ने संपली का, याचं उत्तर सोंगटीच्या जागेवरूनच मिळालं पाहिजे.

किती आठवायचं?

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे शेवटची चार चिन्हं जशीच्या तशी लक्षात ठेवणं. चार चिन्हांच्या सोळा जोडण्या होतात, म्हणून सोळा घरं लागतील. शिवाय सुरुवातीला चार चिन्हं झालेलीच नसतात. तेव्हा तीन चिन्हांची आठ, दोनची चार, एकाची दोन आणि काहीच न वाचल्याचं एक अशी घरं वेगळी धरली, तर एकूण ३१ घरं आणि ६२ बाण होतात. हे यंत्र चुकीचं नाही. पण त्यात आपण बरंच निरुपयोगी सामान घेऊन फिरतो. शेवटची चार चिन्हं 0000 होती की 0100 होती, याने पुढे काय फरक पडणार? दोन्ही वेळा 1011 ची सुरुवात पुन्हा पहिल्यापासूनच व्हायची आहे.

तेव्हा ‘काय काय वाचलं’ हा प्रश्न सोडून द्यायचा आणि ‘वाचलेल्यातलं पुढे काय उपयोगी पडेल’ असं विचारायचं. उपयोगी पडेल ते एकच. वाचलेल्या स्ट्रिंगच्या शेपटाला 1011 चा सुरुवातीचा तुकडा जुळतो का, आणि जुळत असेल तर जास्तीत जास्त किती लांब? या प्रश्नाची उत्तरं पाचच आहेत. काहीच जुळत नाही, 1 जुळतो, 10 जुळतो, 101 जुळतो, किंवा पूर्ण 1011 जुळतो. प्रत्येक उत्तराला एक घर दिलं की झाली पाच घरं. त्यांना प्रथेप्रमाणे q0, q1, q2, q3 आणि q4 म्हणू. सोंगटी q0 मध्ये सुरू होते आणि दुहेरी वर्तुळ फक्त q4 ला मिळतं.

इथे ‘जास्तीत जास्त’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. शेपटाला 101 जुळत असेल, तर त्याच्या टोकाचा 1 सुद्धा 1011 च्या सुरुवातीशी जुळतोच. तरी सोंगटी q1 मध्ये न ठेवता q3 मध्ये ठेवायची. मोठ्या जुळणीत लहान जुळणी दडलेली असते आणि पुढे अडचण आली तर ती बाहेर काढता येते. लेखाचं रहस्य म्हणावं तर ते या वाक्यात आहे.

चार शिड्या आणि सहा उरलेले बाण

पाच घरं आणि प्रत्येकातून दोन बाण, म्हणजे दहा बाण. त्यांतले चार आपोआप मिळतात. q0 वर 1 आला की q1, तिथे 0 आला की q2, तिथे 1 आला की q3, तिथे 1 आला की q4. या शिड्या. अपेक्षित चिन्ह आलं, एक पायरी वर गेलो. यात कुणीही चुकत नाही.

खरी असाइनमेंट म्हणजे उरलेले सहा बाण. हवं ते चिन्ह न येता दुसरंच आलं तर? विद्यार्थी इथे लुडो खेळतात. सोंगटी मेली, घरी पाठवा, q0 पासून पुन्हा सुरुवात. पण हा खेळ लुडोचा नाही, सापशिडीचा आहे. साप गिळतो तेव्हा दर वेळी पहिल्या घरात आणून सोडत नाही. ज्या घरात त्याचं शेपूट असेल तिथे सोडतो. शेपूट कुठे आहे, हे शोधायचं.

q3 घ्या. सोंगटी q3 मध्ये आहे, म्हणजे शेवटची तीन चिन्हं 101 आहेत. आपल्याला 1 हवा होता, आला 0. आता शेवटची चार चिन्हं 1010 झाली. ही 1011 नाहीत, म्हणून चारची जुळणी गेली. शेवटची तीन 010 आहेत. 1011 ची सुरुवात 101 ने होते, म्हणून तीही जुळत नाहीत. शेवटची दोन 10 आहेत. 1011 ची सुरुवात 10 नेच होते! म्हणजे दोन चिन्हं जुळलेलीच आहेत. सोंगटी q2 मध्ये जायला हवी. q0 मध्ये नेली तर हातात असलेली दोन चिन्हं फेकून दिल्यासारखं होतं.

मागे एका मुलीने मला विचारलं होतं, “मॅडम, पण 0 तर चुकीचा आला ना? मग त्याला मोजायचं कसं?” प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला म्हटलं, “अगं, तो 0 या फेरीसाठी चुकीचा आहे. पण एक फेरी चालू असताना तिच्याच पोटात दुसरी सुरू झाली होती. 101 मधला शेवटचा 1 हा त्या दुसऱ्या फेरीचा पहिला 1. तिच्या दृष्टीने हा 0 अगदी वेळेवर आलाय.”

मागच्या मागच्या तुकड्यांकडे बघत बसायचं नसेल, तर त्याला एक यांत्रिक युक्तीही आहे. नवं चिन्ह धरून जी चिन्हं झाली, त्यांतलं पहिलं खोडा. उरलेली चिन्हं q0 पासून सुरू करून, आतापर्यंत काढलेल्या बाणांवरच चालवा. जिथे थांबाल तिथे सापाचं शेपूट. 1010 मधला पहिला 1 खोडला, उरले 010. q0 वर 0 आला, q0 मध्येच राहिलो. 1 आला, q1. 0 आला, q2. उत्तर q2. युक्ती चालते, कारण शिडी हुकली याचाच अर्थ पूर्ण जुळणी हातची गेली आहे. आता जी काही जुळणी असेल ती पहिल्या चिन्हानंतरच कुठेतरी सुरू झालेली असणार. तेव्हा पहिलं चिन्ह टाकून दिल्याने काहीच हरवत नाही. शिवाय घरं q0 पासून क्रमाने घेतली, तर लागणारे बाण नेहमी आधीच काढलेले असतात.

याच युक्तीने बाकीचे बाण भराभर निघतात. q0 वर 0 आला तर काहीच जुळलं नाही, सोंगटी q0 मध्येच थांबते. q1 वर 1 आला तर 11 झाले. पहिला खोडला, उरला 1, म्हणून q1. सोंगटी जागची हलत नाही, कारण नवा 1 जुन्या 1 ची जागा घेतो. q2 वर 0 आला तर 100 झाले. पहिला खोडला, उरले 00, म्हणून q0. इथे मात्र साप खरोखरच पहिल्या घरात आणून सोडतो.

जिंकल्यावर काय?

q4 मध्ये पोहोचल्यावर बरेच जण पेन खाली ठेवतात. 1011 मिळालं, काम झालं. काही जण q4 वर 0 आणि 1 दोन्हींसाठी तिथेच फिरून येणारा बाण काढतात. हे दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. त्या यंत्रात एकदा q4 गाठलं की बाहेर पडताच येत नाही, म्हणून ते 1011 ‘कुठेही असलेल्या’ सगळ्या स्ट्रिंग स्वीकारतं. 10110 सुद्धा. आपल्याला हव्यात 1011 ने ‘संपणाऱ्या’. q4 वर पोहोचणं म्हणजे जिंकणं नव्हे. स्ट्रिंग आत्ता थांबली तर जिंकलो, एवढाच त्याचा अर्थ. पुढे चिन्ह आलं तर उठून चालायला लागायचं.

कुठे जायचं? 0 आला तर 10110 झाले. पहिला खोडला, उरले 0110. q0 वरून चालवा, q0, q1, q1, q2. सोंगटी q2 मध्ये. 1 आला तर 10111, पहिला खोडून 0111. q0, q1, q1, q1. सोंगटी q1 मध्ये. दहा बाण पूर्ण झाले.

```
         0     1
->  q0   q0    q1
    q1   q2    q1
    q2   q0    q3
    q3   q2    q4
*   q4   q2    q1
```

डावीकडचा बाण सुरुवातीचं घर दाखवतो, तारा दुहेरी वर्तुळ. प्रत्येक ओळीत दोन्ही रकाने भरलेले हवेत. एखादा रकाना रिकामा राहिला तर यंत्र तिथे अडकेल, आणि ती आकृती डीएफए उरणार नाही.

तपासायचं कसं?

आकृती काढल्यावर मुलं ती 1011 या स्ट्रिंगवर चालवून बघतात आणि बरोबर आली म्हणून खूश होतात. पण 1011 वर फक्त चार शिड्या वापरल्या जातात. तिने सापांची काहीच परीक्षा होत नाही. साप तपासायचे तर त्यांच्या तोंडी जाणारीच स्ट्रिंग द्यायला हवी.

माझी आवडती स्ट्रिंग 101011. आपल्या यंत्रावर सोंगटी अशी जाते, q1, q2, q3, मग 0 आल्यावर q2, मग q3, आणि शेवटी q4. स्वीकारली. डोळ्यांनी बघितलं तरी ती 1011 नेच संपते. आता ज्याने q3 वरचा 0 चा बाण q0 ला नेला आहे त्याच्या यंत्रावर चालवा. q1, q2, q3, q0, q1, q1. नाकारली! 1011 ने संपणारी स्ट्रिंग यंत्र नाकारतंय, म्हणजे चूक उघडी पडली.

अशाच आणखी तीन स्ट्रिंग पुरतात. 11011 ही q1 वरचा फिरून येणारा बाण तपासते. तो चुकून q0 ला गेला असेल तर ही स्ट्रिंग नाकारली जाईल. 1011011 मध्ये एका जुळणीचा शेवटचा 1 हाच पुढच्या जुळणीचा पहिला 1 आहे. q4 वरून 0 आल्यावर कुणी q0 ला परत गेलं असेल तर ते इथे पकडलं जातं. आणि 10110 ही नाकारलीच गेली पाहिजे. ती स्वीकारली गेली तर q4 चा सापळा झाला आहे असं समजावं. 101 किंवा रिकामी स्ट्रिंग यांची चिंता करू नये. चारपेक्षा कमी चिन्हांत सोंगटी q4 पर्यंत पोहोचूच शकत नाही.

पाचापेक्षा कमी घरांत भागेल का?

परीक्षेत कधी कधी ‘मिनिमम डीएफए’ मागतात. आपली पाच घरं कमीत कमी आहेत का? आहेत, आणि त्याचं कारण दोन वाक्यांत सांगता येतं. समजा, दोन घरं एकत्र करायची आहेत, एकात जुळणी लहान आहे आणि दुसऱ्यात मोठी. मोठ्या जुळणीला पूर्ण व्हायला जेवढी चिन्हं उरली आहेत, तेवढीच दोघांनाही द्या. मोठी जुळणी 1011 पूर्ण करेल. लहान जुळणी असलेल्या घरात फक्त तो लहान तुकडाच वाचून पोहोचलो होतो असं धरलं, तर तिथे एकूण चिन्हं चारसुद्धा होणार नाहीत, मग 1011 कुठून येणार? म्हणजे एक ‘हो’ म्हणतं आणि दुसरं ‘नाही’. अशी घरं एकत्र करता येत नाहीत. दोन घरांना वेगळं ठरवण्याच्या या रीतीमागचं प्रमेय जॉन मायहिल आणि अनिल नेरोड यांच्या नावाने ओळखलं जातं.

दुसरा रस्ता एनएफएचा. एनएफएमध्ये एका चिन्हावर दोन बाण निघू शकतात. म्हणून q0 वर 0 आणि 1 दोन्हींसाठी फिरून येणारा बाण काढायचा आणि पुढे 1, 0, 1, 1 अशी सरळ रांग. सापच नाहीत! यंत्राने योग्य वेळी ‘आता शेवटची चार चिन्हं सुरू झाली’ असं ओळखायचं, एवढीच अपेक्षा. अशा प्रत्येक यंत्राचा डीएफए करता येतो, हे मायकेल रेबिन आणि डेना स्कॉट यांनी १९५९ साली दाखवलं आणि पुढे १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. त्यांच्या रीतीने एकाच वेळी कुठकुठल्या घरांत असू शकतो याचे संच मांडायचे. पाच घरांचे ३२ संच शक्य आहेत, पण इथे प्रत्यक्षात पाचच हाती लागतात. त्यांतला q3 शी जुळणारा संच आहे q0, q1 आणि q3. मोठ्या जुळणीत लहान जुळणी दडलेली असते म्हणतात ती ही, संचात उघड दिसणारी.

प्रत्येक वेळी असं स्वस्तात सुटत नाही. प्रश्न थोडा बदला. ‘शेवटून चौथं चिन्ह 1 असलेल्या स्ट्रिंग’ असं म्हणा. ऐकायला आधीच्याच सारखं वाटतं, पण इथे मधली तीन चिन्हं काहीही असू शकतात आणि त्यांतला प्रत्येक 1 पुढे चौथा ठरू शकतो. म्हणून काहीच विसरता येत नाही. एनएफए पाच घरांतच होतो, पण डीएफएला १६ घरं लागतात. शेवटून दहावं म्हटलं तर १०२४. 1011 सारखा नेमका पॅटर्न दिला की विसरायला मुभा मिळते, आणि ती मुभा नेमकी किती, हे ते सहा बाण सांगतात.

मॉरिस यांचा एडिटर

वहीतल्या या आकृतीचा एक मोठा भाऊ संगणकशास्त्रात प्रसिद्ध आहे. मजकुरात शब्द शोधण्याची नुथ, मॉरिस आणि प्रॅट यांची पद्धत १९७७ साली प्रसिद्ध झाली. तिचा गाभा हाच, की जुळणी मोडली तर मजकुरात मागे न जाता सापाचं शेपूट आधीच काढून ठेवलेल्या तक्त्यात बघायचं. डोनाल्ड नुथ तिथे स्टीफन कुक यांच्या एका प्रमेयाचा माग काढत पोहोचले. जेम्स मॉरिस मात्र त्याआधीच सीडीसी ६४०० या संगणकासाठी टेक्स्ट एडिटर लिहिताना स्वतंत्रपणे तिथे पोहोचले होते. वाचलेल्या मजकुरात पुन्हा मागे जावं लागू नये, हीच त्यांची गरज होती.

त्या शोधनिबंधातच एक किस्सा नोंदवलेला आहे. मॉरिस यांनी एडिटरमध्ये घातलेला कार्यक्रम त्याच प्रणालीवर काम करणाऱ्या इतरांना कळेना. काही महिन्यांनी मॉरिस बघतात तर कुणीतरी त्यात कारण नसताना ‘दुरुस्त्या’ करून त्याचा पार विचका केलेला!

कुणी काय दुरुस्त केलं होतं, ते निबंधात नाही. पण वह्यांचा गठ्ठा तपासताना मला दर वर्षी वाटतं, की मी ओळखते. q3 वरून 0 वर निघालेला, q2 कडे जाणारा एक विचित्र तिरका बाण कुणाला तरी खटकला असेल, आणि त्याने तो सरळ करून q0 ला नेऊन जोडला असेल.